मागच्या लॉटचा आकडा

पत्र

ताई, मी २६ वर्षांचा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या लॅबमध्ये काम करतो. टेक्स्टाइल मॅनेजमेंटच्या एका अभ्यासक्रमासाठी अर्ज भरतोय. त्यात ५०० शब्दांत लिहायचंय, ‘कामाच्या ठिकाणी झालेली एखादी चूक किंवा पडलेला नैतिक पेच, आणि त्यातून काय शिकलात?’

गेल्या वर्षी मरून टॉवेलचा एक लॉट रात्री कंटेनरमध्ये भरायचा होता. पॅकिंगमधून सारखे फोन येत होते. ओल्या कापडाने घासून रंग उतरतो का ते बघायची, वेट रबिंगची टेस्ट राहिली होती. मी मागच्या लॉटचा ३-४ हा ग्रेड लिहून सही केली. कंटेनर लागलाच नाही, उशीर झाला. सकाळी सहज नमुना घासून पाहिला तर २-३ आला. पार्टीला किमान ३ लागतो. दोन दिवस गप्प बसलो. कंटेनर येणार कळल्यावर मॅनेजरना म्हणालो, ‘सर, पुन्हा टेस्ट घेतली, फेल येतंय.’ माल उघडून परत धुतला, चार दिवस उशीर झाला. डाईंग मास्तरांचा त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह कापला गेला. माझं नाव कुठे आलंच नाही.

मेहुणे म्हणतात, असलं काही लिहू नकोस, एखादी साधी चूक लिही. यूपीएससी करणाऱ्या मित्राने फॉरमॅट दिलाय. शिफारसपत्र मॅनेजरच देणार आहेत. सोबत माझा मसुदा जोडतोय. खरं लिहिलं तर मला कोण घेईल?

ता. क. हल्ली मी घासलेलं कापडच रिपोर्टला स्टेपल करतो. पण ते काही निबंधात लिहिण्यासारखं नाही.

उत्तर

तुम्ही पत्र ताज्या कलमापासून सुरू करायला हवं होतं. ‘त्यातून काय शिकलात’ याचं उत्तर तिथे आहे आणि नेमकं तेच तुम्ही निबंधातून वगळलंत. तिकडे येतेच, पण आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल बोलू. ‘खरं लिहिलं तर कोण घेईल’ या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे. वाचणाऱ्याला निष्कलंक माणूस हवाय, असं तुम्हाला वाटतं. तसा हवा असता तर त्यांनी चूक विचारलीच नसती. असे निबंध तपासायला मी काही वर्षं बसले आहे. गठ्ठ्यातल्या बहुतेकांनी मेहुण्यांचाच सल्ला मानलेला असतो. एकदा उशिरा पोचलो, एकदा ईमेल चुकीच्या माणसाला गेला, एकदा टीममधल्या मित्राचं ऐकून घेतलं नाही. त्यात खोटं काही नसतं, पण त्या चुकीने लिहिणाऱ्याचं काहीच पणाला लागलेलं नसतं. मग त्याने काय निवडलं हे वाचणाऱ्याला दिसणार कसं? रचलेल्या प्रसंगाची गत तर याहून वाईट. मुलाखतीत पहिला प्रश्न निभावतो. दुसरा येतो, ‘मग समोरचा माणूस काय म्हणाला?’ आणि तिथे उमेदवार छताकडे बघायला लागतो.

आता तुमचा मसुदा. त्याचा कणा म्हणजे ही तीन वाक्यं: ‘कामाच्या ताणामुळे एका रिपोर्टमध्ये त्रुटी राहून गेली. ती लक्षात येताच मी तत्काळ वरिष्ठांच्या निदर्शनास आणून दिली. या प्रसंगातून मला प्रामाणिकपणाचे महत्त्व उमगले.’

पहिल्या वाक्यात माणूसच नाही. त्रुटी आपोआप राहिली आणि ती राहिली ताणामुळे. तुमच्या पत्रात मात्र लख्ख लिहिलंय, ‘मी ग्रेड लिहून सही केली.’ राहून गेलेली त्रुटी म्हणजे अनवधान. न घेतलेल्या टेस्टचा आकडा लिहिणं हे कृत्य आहे, आणि हा फरक वाचणाऱ्याला चांगला कळतो. दुसऱ्या वाक्यातलं ‘तत्काळ’ सरळ खोटं आहे, कारण मध्ये दोन दिवस गेले. तिसरं वाक्य कुणाच्याही निबंधाला चिकटवता येईल. बँकेतला कारकूनही ते लिहील, औषधाच्या दुकानातला मुलगाही लिहील. म्हणजे ज्या निबंधात तुम्ही प्रामाणिकपणा शिकल्याचं सांगताय, त्यात एक कृत्य झाकलंय आणि एक वेळ बदललीय. तुम्ही हे ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. अर्जाची भाषा वापरायला लागलं की हात आपसूक तसा वळतो. म्हणून मसुदा करताना आधी घरच्या भाषेत लिहा, जसं मला लिहिलंत तसं. इंग्रजीत करायचंच असेल तर नंतर करा.

तुमचं काम माहीत नसलेल्या माणसाला प्रसंग कळावा म्हणून टेस्टबद्दल दोन-तीन वाक्यं लागतील, जास्त नकोत. ओलं केलेलं पांढरं सुती कापड यंत्राच्या बोटाला लावून ते टॉवेलवर ठरावीक दाबाने दहा वेळा पुढे-मागे घासतात. कापड वाळलं की त्यावर किती रंग उतरला ते ग्रे स्केलच्या पट्टीशी ताडून बघतात. ५ म्हणजे डाग नाही, १ म्हणजे भरपूर डाग. मरून, नेव्ही, काळा अशा गडद शेडमध्ये धाग्यात पक्का न बसलेला रंग मागे राहतो. तो गरम सोपिंगमध्ये धुवून काढावा लागतो. तिथे कसर राहिली की पहिला फटका वेट रबिंगला बसतो. इतकं पुरे. आयएसओचा नंबर घातलात तर वाचणारा तिथेच अडकेल.

यातली एक गोष्ट मात्र निबंधात यायलाच हवी. घासायला जेमतेम काही सेकंद लागतात. थांबावं लागतं ते कापड वाळण्यासाठी, आणि त्या वेळीच फोन वाजत होते. शिवाय तुम्ही मनाला येईल तो आकडा लिहिला नाहीत. शेड तीच, रेसिपी तीच, मागचा लॉट ३-४ ने पास झालेला, म्हणून तो लिहिलात. लॅबमधले खोटे आकडे बहुधा असेच जन्माला येतात. ते ओढूनताणून आणलेले नसतात, अगदी पटण्यासारखे असतात. म्हणूनच ते वरच्या कुणाच्या डोळ्यांत खुपत नाहीत आणि लिहिणाऱ्यालाही आपण खोटं लिहितोय असं वाटत नाही. हे नेमकं तुम्हाला आतून माहीत आहे. तुमच्या ५०० शब्दांतले पन्नासेक यावर खर्च करा.

मित्राच्या फॉरमॅटबद्दल. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा वेगळा पेपर आहे. त्यातल्या केस स्टडीसाठी मुलं एक साचा पाठ करतात: संबंधित कोण कोण, मूल्यांचा संघर्ष कुठला, पर्याय कोणते, प्रत्येकाचे फायदे-तोटे, निवडलेला पर्याय. काल्पनिक प्रसंगाला तो चालतो, कारण तिथे ‘तुम्ही काय कराल’ असं विचारलेलं असतं. तुम्हाला विचारलंय ‘तुम्ही काय केलंत’. त्या दोन दिवसांत तुम्ही पर्यायांचा तक्ता मांडला नव्हता. साच्यात बसवलंत तर असं वाटेल की तुम्ही शांतपणे विचार करून योग्य निर्णयाला पोचलात. तसं घडलेलं नाही. साचा मित्राला परत करा.

प्रश्नात ‘चूक किंवा नैतिक पेच’ असं आहे. तुमच्याकडे दोन्ही आहेत, पण वेगवेगळ्या जागी, आणि मसुद्यात त्यांची सरमिसळ झालीय. सही करताना पेच नव्हता. काय बरोबर आहे ते तुम्हाला माहीत होतं, फक्त ते केलं नाहीत. पेच सुरू झाला दुसऱ्या दिवशी सकाळी, २-३ दिसल्यावर. बोललं तर सही अंगाशी येणार, माल अडकणार, मास्तरांवर बालंट येणार. गप्प राहिलं तर दूर कुणाच्या तरी पांढऱ्या चादरीला रंग लागणार आणि तक्रार आली तरी ती काही महिन्यांनी, कदाचित कधीच नाही. हे दोन दिवस तुमच्या निबंधाचं मध्य आहेत. मसुद्यात त्यांना एक अक्षरही नाही. त्या दोन दिवसांत तुम्ही काय केलंत? नमुना पुन्हा घासून पाहिलात का, या वेळी तरी ३ येईल अशा आशेने? पॅकिंगच्या दारावरून जाणं टाळलंत का? कंटेनर अजून लांबावा असं वाटलं का? आठवेल ते लिहा, शोभेल ते नको.

आता अवघड भाग. मॅनेजरना तुम्ही जे बोललात ते पुन्हा वाचा: ‘पुन्हा टेस्ट घेतली, फेल येतंय.’ त्यातला ‘पुन्हा’ काय काम करतो ते बघा. पहिली टेस्ट झाली होती असं तो सांगून जातो. म्हणजे मॅनेजरच्या दृष्टीने तुम्ही दक्षता दाखवून दुसऱ्यांदा तपासणारे. मास्तर मात्र सोपिंगमध्ये कसर ठेवणारे. लॉट त्यांच्या खात्यात बिघडला हे खरंच आहे. पण त्याचं कारण तुम्ही त्यांना कधी विचारलंत का? स्टीम कमी पडली होती, पाणी जड होतं, की माल लवकर द्या म्हणून वरून एक धुलाई वाचवायला सांगितलं होतं? मला माहीत नाही आणि पत्रावरून वाटतं की तुम्हालाही नाही. शिवाय बिघडलेला लॉट लॅबने त्याच संध्याकाळी पकडला असता तर तो न भरताच परत धुतला गेला असता. बॉक्स उघडायचा खर्च आणि चार दिवसांतला बराचसा उशीर तुमच्या सहीने वाढवला. इन्सेन्टिव्ह कापताना तो हिशोब मास्तरांच्या नावावर पडला.

म्हणून हा प्रसंग अजून संपलेला नाही, असं मला वाटतं. संपला नसताना ‘त्यातून काय शिकलो’ लिहायला बसलात तर लेखणी अडणारच. तुम्हाला शैलीची अडचण वाटते, ती खरी शैलीची नाही.

तुमच्यासमोर तीन वाटा आहेत. एक, हा प्रसंग सोडून दुसरा खरा प्रसंग निवडायचा. यात कमीपणा नाही. घर तुमच्या पगारावर चालत असेल आणि नोकरी जायची धास्ती खरी असेल, तर अर्जातल्या एका रकान्यासाठी ती पणाला लावा असं मी सांगणार नाही. निबंधासाठी मोठं पाप लागत नाही. तुम्ही एखाद्या ट्रेनीला ओरडलात आणि नंतर कळलं की चूक तुमच्या कॅलिब्रेशनची होती, असलंही चालेल. दोन, हाच प्रसंग लिहायचा पण मास्तर आणि ‘पुन्हा’ वगळून. बहुतेक लोक हेच करतात आणि मी याच्या विरोधात आहे. शिफारस मॅनेजर देणार आहेत. उद्या समितीने त्यांना सहज विचारलं तर त्यांच्या तोंडून वेगळी गोष्ट निघेल आणि तुमची वेगळी. पकडले गेला नाहीत तरी ‘प्रामाणिकपणा’ या विषयावर कातरलेला निबंध तुमच्या नावाने जाईल.

तीन, आधी मॅनेजरना सांगायचं आणि मग लिहायचं. माझा कल इकडे आहे, पण याची किंमत मोजावी लागू शकते हे धरून चाला. ते चिडतील, शिफारस नाकारतील, तुमच्या फाइलला शेरा लागेल. असं झालं तर शिफारस कुणाकडून घ्यायची ते आधीच ठरवून ठेवा. सांगताना प्रस्तावना लांबवू नका. ‘सर, त्या मरून लॉटची पहिली टेस्ट मी घेतलीच नव्हती, आकडा मागच्या लॉटचा टाकला होता. मास्तरांचं जे कापलं गेलं त्यात माझाही वाटा आहे.’ एवढं बोला आणि थांबा. अर्जाचं नाव त्याच दमात काढू नका. नाहीतर शिफारस हवी म्हणून कबुली दिली असं दिसेल आणि ते फारसं चुकीचंही नसेल. मास्तरांकडे वेगळं जा, आणि मॅनेजरच्या आधी जा. आपल्याबद्दल वर काय बोललं जाणार आहे ते त्यांना तिसऱ्याकडून कळू नये. ते माफ करतील असं धरून जाऊ नका. ‘झालं गेलं, सोड रे’ म्हणाले तर तेही निबंधात शेवटाला आणू नका. आपल्या चुकीचा शेवट दुसऱ्याच्या मोठेपणावर करणं ही सोयीची युक्ती आहे आणि ती फार वेळा वाचली आहे.

ही भानगड टॉवेलपुरती नाही. कॉलेजात असणाऱ्या वाचकांनी आपली प्रॅक्टिकलची वही आठवावी. लंबकाचा प्रयोग, g ची किंमत ९.८ यायला हवी हे आधीच माहीत, मग वीस आंदोलनांचा वेळ उलट गणिताने बसवायचा. वर्गातली निम्मी मुलं ते करतात, म्हणून त्यावर लिहिलेला निबंध ‘सगळेच करतात’ इथे येऊन थांबतो. तिथे थांबू नका. तुमच्या मोजणीत खरं काय येत होतं? ९.२ आलं असेल तर ते का आलं असेल? दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या हुकापर्यंतच मोजली होती का? खोटं रीडिंग लिहिल्यामुळे तुम्हाला हा प्रश्न पडलाच नाही, हे त्या चुकीचं खरं नुकसान. ते सापडलं की शाळा-कॉलेजातली छोटी चूकही निबंधाला पुरते. लबाडीबद्दल छाती बडवून घ्यायची गरज नाही.

परत तुमच्याकडे, म्हणजे त्या स्टेपल केलेल्या कापडाकडे. ‘काय शिकलात’ या प्रश्नाला लोक भावनेने उत्तर देतात. तपासणारा मात्र बघतो की त्यानंतर तुमचं वागणं कुठे बदललं. कापड वाळल्यावर रिपोर्टला लावलं की तीन गोष्टी होतात. टेस्ट न घेता ग्रेड लिहिताच येत नाही, कारण लावायला कापडच नसतं. दुसरा माणूस पट्टी घेऊन तुमचा ग्रेड ताडू शकतो. आणि पॅकिंगचा फोन आला की तुम्हाला ‘कापड वाळतंय’ असं सांगता येतं, ‘मी ठरवतोय’ असं नाही. मोह होतो त्या जागी तुम्ही अडसर घातलात. त्याची मर्यादाही लिहा. मागच्या लॉटचं कापड कुणी नव्या रिपोर्टला लावलं तर हा उपाय आंधळा आहे, म्हणून कापडावर लॉट नंबर आणि तारीख घासण्याआधी टाकायला हवी. तुम्ही टाकता का? नसाल टाकत तर उद्यापासून टाका आणि निबंधात ‘हे मला लिहिताना सुचलं’ असं खुशाल सांगा.

शब्दांची वाटणी साधारण अशी करा. कारखाना, तुमचं काम आणि टेस्ट मिळून सत्तर-ऐंशी. सहीची संध्याकाळ शंभर. दोन दिवस दीडशे. मॅनेजरला आधी काय सांगितलं आणि नंतर काय, मास्तर, इन्सेन्टिव्ह यांना शंभर. उरलेले कापडाला. सुरुवात अशी काहीशी होऊ शकेल: ‘मरून शेडच्या रिपोर्टमध्ये वेट रबिंगचा रकाना रिकामा होता. मी मागच्या लॉटचा ३-४ त्यात लिहिला आणि सही केली. टेस्ट मी घेतली नव्हती.’ तीन वाक्यांत काय केलं, कुणी केलं, सगळं बाहेर येतं आणि पुढे वाचणारा तुमच्यावर विश्वास ठेवू लागतो, कारण झाकण्यासारखं होतं ते तुम्ही आधीच समोर ठेवलंत.

कारखान्याचं नाव, पार्टीचं नाव, देश, ऑर्डरचा आकडा यातलं काही लिहू नका. ती गुपितं तुमची नाहीत. मास्तरांचं नाव, गाव, वय, भाषा यातलंही काही नको. सोलापुरात टॉवेलच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात, ‘एक अनुभवी डाईंग मास्तर’ एवढंच ठेवा आणि पाठवण्याआधी त्यांना तो भाग वाचून दाखवा. ‘ताण होता’, ‘सगळे करतात’, ‘मॅनेजमेंटचं प्रेशर’ ही वाक्यं सापडली तर एक ठेवा, कारण ताण खरंच होता, बाकी काढा. मसुदा मोठ्याने वाचा. जिथे आवाज आपोआप सरकारी होतो तिथे परत घरच्या भाषेत या.

शब्द ५०० च्या वर गेले, आणि ते जातीलच, तर पहिल्या परिच्छेदातले कापा. दोन दिवसांतले कापू नका.